एका पानाचं पोस्टमॉर्टेम

हे कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या अकलेची हमी कोणी मागू नये. पण हैदराबादेत माधापूरच्या एका ऑफिसात एक माणूस असा होता, की त्याच्या पोटातल्या जळजळीवर चहा उकळायचा. चहाची मशीन त्याच्या टेबलाला लागून होती. वीज गेली तरी तिच्यातून कप वाफाळताच निघे. लोक म्हणत, मशीन चांगल्या कंपनीची आहे. मशीनचा काही संबंध नव्हता.

माणसाचं नाव कोदंडपाणि. कंपनी घरपोच औषधं पोचवणारी. फोनवर ऑर्डर द्यायची, तासाभरात गोळ्या दाराशी. कधी कॉम्प्युटर बसले आणि ऑर्डरी थांबल्या, की नंतर इंजिनिअर मंडळी काय बिघडलं, का बिघडलं याचा सविस्तर पंचनामा करत. त्याला पोस्टमॉर्टेम म्हणत. तो पंधरा-पंधरा पानांचा असे आणि तो वाचण्यापेक्षा मॅनेजर लोकांनी कारल्याचा रस घेतला असता. म्हणून त्यांच्यासाठी त्याचं एक पान करायचं. काय केव्हा घडलं, मूळ कारण काय, नुकसान किती, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असे चार भाग. हे एक पान वर्षानुवर्षं कोदंडपाणि लिहीत आला होता. पान घेऊन सोमवारी मोठ्या खोलीत तोच जायचा, काचेच्या टेबलाशी तोच बसायचा, आणि परत येताना त्याची मान अशी ताठ असायची की लिफ्टमध्ये बाकीच्यांना वाकावं लागे.

मग आली हिमबिंदू, नवी इंजिनिअर.

एकदा कोदंडपाणि तिरुपतीला गेला होता, तेव्हा नेमका बिघाड झाला आणि पान तिला लिहावं लागलं. तिने लिहिलं, "गोदामाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. आता दोन किल्ल्या ठेवू." एवढंच. व्यवसायाच्या प्रमुख वरूधिनी गारूंनी (तिकडे मान द्यायचा तर नावापुढे गारू लावतात) ते भर मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, की आपलं नेमकं काय बिघडतं ते आपल्याला आज पहिल्यांदा कळलं. तिरुपतीचा लाडू वाटत फिरणाऱ्या कोदंडपाणिच्या कानावर हे आलं. पहिल्यांदा कळलं? म्हणजे इतकी वर्षं आपण काय, भिंतीला वाचून दाखवत होतो? तेव्हापासून पान हिमबिंदूकडे गेलं आणि चहा आपोआप उकळायला लागला.

तिचं सगळंच त्याला खुपायचं. तिचं हसणं खुपायचं, तिच्या डब्यातली गोंगुरा चटणी खुपायची, ती सगळ्यांना वाटून खाते हे तर फारच खुपायचं. एकदा त्याने घरी बायकोला, सुगुणाला, दोन्ही पानं वाचायला दिली. एक स्वतःचं जुनं, एक हिमबिंदूचं. कोणाचं कोणतं ते सांगितलं नाही. सुगुणा तव्यावरचा मुगाचा पेसरट्टू उलटता उलटता म्हणाली, "हे दुसरं बरंय. पहिल्या बाबाला काहीतरी लपवायचं असावं." त्या दिवशी त्याने पेसरट्टू खाल्ला नाही. सुगुणा शपथेवर सांगते की त्याने नुसतं बघितलं आणि तो करपला.

अशात एका शनिवारी सकाळी ऑर्डरी थांबल्या. राखणीला हिमबिंदू होती. बिघाड झाला की ज्याचा फोन वाजतो, त्याची राखण. तिने थोड्या वेळापूर्वीच अॅपवर सवलतीचा नवा फलक चढवला होता, म्हणून सगळ्यांना संशय त्या फलकाचा आला. तिला स्वतःलाही आला. तिने फलक काढून टाकला. ऑर्डरी ढिम्म. मग ती शोधत शोधत खोल गेली, तेव्हा खरं कारण हाती लागलं. अॅप आणि पैसे घेणारी यंत्रणा एकमेकांना ओळखतात ती एका प्रमाणपत्रावरून. गोळ्यांच्या पट्टीवर असते तशी त्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि ती नेमकी त्या सकाळी संपली होती. मुदत संपत आल्याची पत्रं महिनाभर येत होती, पण येत होती कंपनी सोडून विशाखापट्टणमला गेलेल्या एका गृहस्थाच्या टपालपेटीत. ती पेटी उघडणारं कोणी उरलंच नव्हतं. हिमबिंदूने नवं प्रमाणपत्र बसवलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ऑर्डरी वाहायला लागल्या.

आता तिथे एक रिवाज होता. बिघाडाच्या वेळी जो राखणीला असेल त्याने मॅनेजरांचं पान लिहायचं नाही, दुसऱ्याने लिहायचं. दुसरा म्हणजे कोण? कोदंडपाणि. हिमबिंदू स्वतः सगळी कागदपत्रं घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "अन्नय्या," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "शेवटचा भाग आधी नीट लिहा हं. वरूधिनी गारू पान तिथूनच वाचायला लागतात."

आता हे सांगणं भल्याचं होतं. पण ज्याच्या पोटात निखारे, त्याला फुंकर काय आणि वारा काय. ही कालची पोर मला लिहायला शिकवते, असं म्हणून त्याने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने जाळून टाकलं.

रविवारी दुपारी तो लिहायला बसला. त्या कंपनीत पोस्टमॉर्टेममध्ये माणसाचं नाव घ्यायचं नाही, दोष व्यवस्थेचा शोधायचा, असा दंडक होता. कोदंडपाणिला तो दंडक फार आवडे, कारण नाव न घेता गाव सांगता येतं. घटनाक्रमात त्याने लिहिलं, सकाळी अॅपवर नवा फलक चढवला गेला. पुढची ओळ, त्यानंतर थोड्याच वेळात ऑर्डरी थांबल्या. पुढची ओळ, फलक मागे घेऊन व इतर दुरुस्त्या करून सेवा पूर्ववत केली. तिन्ही ओळी खऱ्या. फलक काढूनही काही फरक पडला नव्हता, एवढी एक ओळ तेवढी त्याने पोटात ठेवली. तिथे आधीच बरंच काही होतं. मूळ कारणाखाली त्याने लिहिलं, "पुरेशी तपासणी न करता घाईने केलेला बदल." फलक कोणी चढवला हे ऑफिसातल्या कुंडीतल्या तुळशीलाही ठाऊक होतं. हिमबिंदू बोलली तर म्हणता येईल, की स्वतःची कातडी वाचवतेय. नाही बोलली तर कबूल. नुकसान त्याने मन लावून लिहिलं. अकरा हजार ऑर्डरी अडकल्या, इन्सुलिनच्या पेट्या थंड गाड्यांतच बसून राहिल्या, चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन वाजत राहिले. आकडे अगदी अचूक. दुसऱ्याच्या माथी मारायचं नुकसान कोणी कमी मोजत नाही.

मग आला चौथा भाग. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.

इथे गाडी अडली. इथे त्याने लिहायला हवं होतं, की फलक चढवण्यापूर्वी दोघांनी तपासावा. बोटं पुढे सरकेनात. माणूस मत्सरी होता, पण वीस वर्षं यंत्रणा सांभाळलेला होता. त्याला माहीत होतं की आणखी चार प्रमाणपत्रांच्या मुदती पुढच्या काही महिन्यांत संपणार आहेत आणि त्यांची पत्रंही त्याच बंद पेटीत पडताहेत. कारणाच्या जागी खोटं लिहिलं तर एक मुलगी बदनाम होईल, ते त्याला चालणार होतं. उपायाच्या जागी खोटं लिहिलं तर यंत्रणा पुन्हा बसेल, ते कसं चालेल? त्याची यंत्रणा होती ती. हिमबिंदूच्या जन्माआधीपासून नसली तरी तिच्या नोकरीआधीपासून. दोनदा त्याने खोटी ओळ लिहिली, दोनदा पुसली. शेवटी लिहिलं ते असं, "सर्व प्रमाणपत्रांची यादी करून प्रत्येकासाठी जबाबदार माणूस ठरवणे. मुदत संपण्याआधी महिनाभर सूचना एका माणसाला नव्हे, सगळ्या गटाला जाईल अशी सोय करणे. नूतनीकरण आपोआप होते का, हे दर आठवड्याला तपासणे." इतका सुरेख भाग त्याने जन्मात लिहिला नव्हता. वाचून त्याला स्वतःचाच थोडा हेवा वाटला.

वर कारणात फलक आणि खाली उपायात प्रमाणपत्र, हे त्याला दिसलं नाही का? दिसलं. पण मॅनेजर लोकांना प्रमाणपत्र म्हणजे काय आणि फलक म्हणजे काय, सगळं सारखंच, असा त्याचा अनुभव होता. इतकी वर्षं कोणी एक प्रश्न विचारला नव्हता.

सोमवारी तो मोठ्या खोलीत गेला. काचेच्या टेबलाशी बसला. खुर्ची अजून आपल्याच मापाची आहे हे पाहून त्याला बरं वाटलं. समोर पाच-सहा मॅनेजर, टोकाला हिमबिंदू. तिने पान उचललं, दुसऱ्या भागापर्यंत आली, आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. कोदंडपाणिच्या पोटातली आग कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा निवली. असं म्हणतात की खाली चहाची मशीन त्याच क्षणी गार पडली, आणि रांगेतल्या लोकांनी तक्रार केली.

वरूधिनी गारूंनी चष्मा लावला. या बाई मूळच्या विजयवाड्याच्या. कंपनीत येण्याआधी त्यांनी औषधांचं दुकान चालवलं होतं, काउंटरवर स्वतः उभं राहून. त्यांनी पान हातात घेतलं आणि बोट खालच्या भागावर ठेवलं. सावकाश वाचलं. मग बोट वर सरकलं, नुकसानापाशी थोडं थांबलं, कारणापाशी आलं. तिथून पुन्हा खाली गेलं. पुन्हा वर. कोदंडपाणि ते बोट बघत होता आणि त्याला ऐकून जाळून टाकलेलं एक वाक्य आठवायला लागलं होतं.

"कोदंडपाणि गारू," बाई शांतपणे म्हणाल्या, "हे प्रमाणपत्र म्हणजे काय असतं, मला कळत नाही. त्याची मुदत संपते, एवढं कळलं. पट्टीवरच्या तारखेसारखं?"

"हो अंडी," कोदंडपाणि तेलुगूतलं आदराचं 'अंडी' लावून म्हणाला. "अगदी तसंच."

"आणि शनिवारी त्या फलकाची मुदत संपली होती?"

"नाही अंडी. फलकाला मुदत नसते."

"मग फलक पुन्हा चुकू नये म्हणून खाली काय लिहिलंय?"

बाकीच्या मॅनेजरांनी आपापलं पान खालून वर वाचायला घेतलं. हिमबिंदूने तोंड उघडलं होतं, बाईंनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. तू नाही पोरी, तू थांब, असा तो हात होता.

"दुकानात माझ्याकडे लोक डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायचे," बाई म्हणाल्या. "घरात कोणाला काय झालंय ते लाजून सांगायचे नाहीत, भलतंच काहीतरी सांगायचे. मी कधी विचारलंच नाही. औषध वाचलं की कळायचं." त्यांनी पान टेबलावर त्याच्याकडे सरकवलं आणि वरच्या मजल्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "औषध खरं दिलंयत तुम्ही. रोग खोटा लिहिलाय."