तीन नंबर खोलीतली तिसरी कॉट

घराच्या ग्रुपवरचा साधनाचा मेसेज मी जेवता जेवता वाचला अन् घास तोंडात फिरायला लागला. 'खोली नंबर तीनमध्ये आंटी राहायला आल्या आहेत. नेट आणि स्वयंपाकवाल्या बाईंच्या पगारात त्यांचा एक वाटा धरला आहे. कृपया नोंद घ्यावी.' आंटी म्हणजे कमलबाई, माझ्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या राजनंदिनीची आई. ती माऊली तेव्हा माझ्यासमोरच बसली होती, पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून, अन् मला विचारत होती, "शालू, भाजी कमी पडली का गं बाई? माझ्यातली घे."

शी! खरंच सांगते, त्या मेसेजनं आली तशी शिसारी मला लॅबमध्ये दिवसभर लोकांचे नमुने तपासूनसुद्धा कधी आली नाही.

आता आमच्या घराची रीत सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. परभणीत वसमत रोडला आतल्या गल्लीत किशनरावांचं घर आहे. खाली ते राहतात, वर आम्ही पोरी, पेइंग गेस्ट. कॉटचं भाडं किशनराव ज्याचं त्याच्याकडून घेतात. नेट अन् स्वयंपाकवाली मात्र आमची आम्ही ठेवलेली. चार खोल्या, आठ कॉट. हिशेब ठेवणारी साधना एकटीच्या खोलीत, दोन खोल्यांत दोघी दोघी, अन् आमच्या तीन नंबरात तीन कॉट. सरजाबाईला दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचे आठ हजार, नेटचे आठशे, म्हणजे कॉटमागे अकराशे. किराणा वेगळा, जो जेवेल त्याच्या ताटावर. अन् नियम असा, की कॉट रिकामी राहिली तर तिचा वाटा त्या खोलीनं उचलायचा. हा नियम साधनानंच काढला. तिचं काय जातंय, तिच्या खोलीत एकच कॉट अन् तिच्यावर ती स्वतः. आमच्यातली तिसरी पोरगी लग्न ठरलं म्हणून गेली, तेव्हापासून मी अन् राजनंदिनी दोघी मिळून तीन वाटे भरायलोत. नियम म्हणजे नियम म्हणून आम्ही तोंडातून शब्द काढला नाही.

त्या रिकाम्या कॉटवर कमलबाई आल्या. येलदरीच्या. त्यांना लय दिवसांची शुगर, तळपायाला जखम झाली अन् ती भरेना. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की बोटं वाचवायची असतील तर रोज ड्रेसिंग झालं पाहिजे, अन् पायावर जोर द्यायचा नाही. येलदरीहून रोज एसटीत उभं राहून येणं म्हणजे बोटं आपल्या हातानं घालवणं. राजनंदिनीनं किशनरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "कॉटचं भाडं द्या, मला काय अडचण?" तिनं भाडं दिलं. किराण्यात आईचं ताटही धरलं. सगळं चोख.

अन् वर हा मेसेज. मी हात धुतला अन् सरळ साधनाच्या खोलीत गेले. ही एका फायनान्स कंपनीत आहे, बचत गटाच्या बायकांकडून हप्ते वसूल करते. बोलायला अशी गोड, की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच चुकलं.

"साधना, तू कॉट मोजायलीस का माणसं?" मी म्हटलं.

"म्हणजे गं?"

"कॉट मोजत असशील तर तिसऱ्या कॉटचे पैसे आम्ही कधीचे भरायलोत. माणसं मोजत असशील तर आजपर्यंत घरात सात होतो, आता आठ झालो. कसंही मोज, आमच्या खोलीचे वाटे तीनच. चौथा कुठून काढलास?"

"हे बघ, रिकाम्या कॉटचा वाटा खोलीचा. नवीन माणसाचा वाटा माणसाचा. दोन नियम वेगळे आहेत."

"अगं पण कॉट रिकामी कुठंय? काकू तिच्यावरच झोपायल्यात ना!"

"त्या पेइंग गेस्ट थोड्याच आहेत? पाहुण्या आहेत. म्हणजे आपल्यासाठी कॉट रिकामीच."

घ्या! एक बाई कॉटवर आडवी पडलेली दिसायलीय, अन् कॉट रिकामी. मी म्हटलं, "बरं, अन् नेटचं काय? काकूंकडं बटणाचा फोन आहे. त्याच्यावर त्या काय बघणार?"

"वायफाय घरभर आहे, शालू. कोणी वापरावं, कोणी नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न."

दारात दोन नंबरातल्या दोघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "नऊ वाटे झाले की आपले प्रत्येकीचे शे-सव्वाशे वाचतात." लाज नाही, शरम नाही. ह्याच पोरींनी गेल्या रविवारी दीड दीडशेचा पिझ्झा मागवून अर्धा कचऱ्यात टाकला होता. शे-सव्वाशेसाठी एका आजारी बाईला दोनदा मोजायला निघाल्या. मी म्हटलं, "तुमच्या आया आल्या असत्या तर मोजल्या असत्या का गं अशा?" तर साधना म्हणते, "इमोशनल होऊ नको ना."

आमच्या घराच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. कमलबाईंनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर त्या स्वयंपाकघरात खाली पाय लांब करून बसलेल्या, पुढ्यात परात, अन् भाकरी थापायल्यात. सरजाबाई गॅसजवळ उभी राहून त्या भाजायलीय. राजनंदिनी आईचा हात धरून म्हणत होती, "आई, ऊठ. डॉक्टरनं पाय वर ठेवायला सांगितलाय." पण त्या कुठल्या ऐकतात.

"फुकटचं न्हाई खायची मी," त्या म्हणाल्या. "पैशे न्हाईत माझ्याकडं, हात हायेत. वाटा फिटला पाह्यजे माझा."

"काकू, तुमचा वाटा कधीच फिटलाय," मी म्हटलं. "त्यांना मोजता येत नाही म्हणून तुम्ही कशाला राबता?"

"असू दे बाई. माझ्यापायी माझ्या लेकराला कुणी बोललेलं मला खपायचं न्हाई."

अन् मग काय विचारता! सगळ्या पोरी ताटं घेऊन हजर. "आंटी, अजून एक," "आंटी, जरा पातळ," "आंटी, लसणाची चटणी करता का?" एकीनं तर टम्म फुगलेल्या भाकरीचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'आईच्या हातची चव'. आईच्या म्हणे! साधना सगळ्यात आधी जेवायला बसायची. बोटं चाटत म्हणायची, "आंटी, तुम्ही इथंच राहा." मला तिच्याकडं बघवायचं नाही. मी माझं ताट उचलून खोलीत न्यायचे.

महिना संपला अन् दुसरा मेसेज आला. 'आंटी रोज सकाळच्या भाकरी करत असल्यामुळे त्यांचा वाटा माफ करण्यात येत आहे. सरजाबाईंचे काम कमी झाल्यामुळे त्यांचा पगार आठऐवजी सहा हजार. सर्वांचाच फायदा.' खाली चार अंगठे, पटापट. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. जो वाटा मुळात लागतच नव्हता तो माफ करून ही बया दानशूर झाली, अन् त्या दानाचे पैसे सरजाबाईच्या पोटातून काढले!

मी लिहिलं, 'आमची खोली तयार नाही.' साधनानं उत्तर दिलं, 'बहुमत झालं आहे.'

सरजाबाईला तिनं स्वतः जाऊन सांगितलं, तेही खांद्यावर हात ठेवून. "मावशी, तुम्हाला पण जरा आराम." सरजाबाई कढई घासायला बसली. तिच्यामागं शाळेतली दोन नातवंडं, अन् हे एकच घर धरलेलं. कढई घासून झाली तशी ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"कमलबाई," ती म्हणाली, "तुमचा पाय बरा व्हावा, देवाला मागणंच हाय माझं. पण उद्यापासून परातीला हात लावू नका. दोन हजार तोडले माझे."

कमलबाईंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "माझ्यामुळं?" एवढंच त्या म्हणाल्या.

"तुमच्यामुळं नाही हो काकू, त्या रांडांमुळं!" माझ्या तोंडून गेलं, अन् गेलं ते बरंच झालं.

पण त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, मी इथून उठले की त्या बाईचा पगार जागेवर येईल. सकाळी पिशवी भरून तयार. राजनंदिनी रडली, चिडली, पाया पडली. ड्रेसिंगचे अजून दहा-बारा दिवस बाकी होते, जखम कुठं भरायला लागली होती. "गावात करील कुणीतरी पट्टी," त्या म्हणाल्या. गावात कोण करणार होतं पट्टी? भाकरी थापायला खाली बसून बसून पाय आधीच सुजला होता, चप्पल जाईना. शेवटी रिक्षा केली अन् आम्ही दोघी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो.

गाडी लागलेली होती. कमलबाई खिडकीशी बसल्या. मी खाली उभी होते तेवढ्यात फोन वाजला. साधनाचा मेसेज होता. 'आंटी गेल्या असे समजले. खोली तीनची कॉट रिकामी, नियमाप्रमाणे तिचा वाटा खोलीवर. सरजाबाईंनी सहा हजाराला होकार दिला आहे, त्यामुळे पगार तेवढाच ठेवू. सकाळी भाकरीऐवजी पोळ्या.'

होकार दिला म्हणे. ती बिचारी दुसरं काय देणार होती?

"शालू, कुणाचा फोन गं?" कमलबाई खिडकीतून वाकून म्हणाल्या. "साधनाबाईचा हाय का? मी गेले म्हणून सांग तिला. आता देतील ना सरजाबाईला पुरा पगार?"

राजनंदिनीनं माझ्या हातातला फोन ओढून वाचला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

"देतील काकू," मी म्हटलं. "पुरा देतील."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या अन् सीटला टेकून बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला. मला तिथंच धाय मोकलून रडावं वाटलं.

कंडक्टरनं घंटी दिली. राजनंदिनी फोन माझ्या हातात कोंबून गाडीत चढली. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली, दोन वर्षं त्या परीक्षेसाठी रात्रंदिवस एक केलेले, पुस्तकं सगळी खोलीत. "पट्टी कशी करायची ते मी बघितलंय," ती दारातून म्हणाली. "पुस्तकं राहू दे तिथंच." तिची आई आतून ओरडत होती, "उतर, राजे, उतर! तुझा पेपर हाय!" पण गाडी निघाली होती.

मी फलाटावरच ग्रुप उघडला. लिहिलं, 'राजनंदिनी पण गेली. तीन नंबरात आता दोन कॉट रिकाम्या. तिन्ही वाटे माझ्यावर धर.'

मला वाटलं, आता तरी हिला काहीतरी वाटेल. विचारील, का गेली, परीक्षेचं काय, आईचा पाय कसा आहे.

साधनाचा अंगठा आला.