खाडी एकच आहे ना!

त्या वर्षी मी दहावीत होते आणि माझं तोंड कोणाला आवरत नव्हतं. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मुलगे बारा होते, मुली दोन, आणि पहिली मी! तेव्हापासून बाबा कोणालाही, अगदी वाटेने जाणाऱ्या भंडाऱ्यालासुद्धा सांगायचे, "आमच्या प्रभावतीक विचार. ती बरोब्बर सांगतली." मलाही ते पटलं होतं. म्हणजे मी बरोब्बरच सांगते, असं.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. भाताची खालची शेतं भरतीच्या पाण्याच्याही खाली आहेत. मधे मातीचा बांध घातलाय म्हणून ती शेतं, नाहीतर ती खाडीच. पावसाचं साठलेलं पाणी बाहेर जायला बांधात एक दार ठेवलंय, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडीच्या फळ्या काढायच्या, आतलं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत फळ्या परत घालायच्या. हे काम गंगारामदाजी करायचे. रोज दोन्ही ओहोट्यांना, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून. त्याबद्दल प्रत्येक घरातून त्यांना सुगीला भात मिळे.

त्या श्रावणात आठ दिवस पाऊस असा लागला की आतलं पाणी हटेना. लावणी झालेली रोपं बुडाली. नुसते शेंडे दिसत होते. सगळ्यांत खालचा कोपरा सुभद्राकाकीचा. तिचा नवरा मुंबईत गिरणीत, शेत ती एकटीच करायची. ती रोज बांधावर येऊन उभी राहायची आणि परत जायची. दाजींच्या दोन ओहोट्यांनी पाणी पुरेसं निघत नव्हतं.

म्हणून नारळीपौर्णिमेच्या दोन दिवस आधी देवळात गाव बसला. पुरुष मंडपात, बायका बाहेरच्या पायऱ्यांवर. बाबा पंच होते. सगळे नुसतेच "काय करूया, काय करूया" म्हणत होते आणि माझ्या पोटात उत्तर उड्या मारत होतं! बाबांनी मागे वळून पाहिलं.

"बोल गो. भियाव नको."

मी उठले, स्पर्धेत उभी राहिले होते तशी, एक पाय किंचित पुढे.

"ग्रामस्थहो," मी म्हटलं. खरंच म्हटलं, आता लिहितानाही कान तापतायत. "माझ्या आजोळी, होडीने तीन तास वर, याच खाडीवर असाच बांध आहे. मी नागपंचमीला तिथे होते. तिथे श्रावणभर उघाडीच्या फळ्या काढूनच ठेवतात. भरतीला घालीत नाहीत, काही नाही. पाणी येतं, पाणी जातं, आणि भात बघाल तर काळंशार! आता तुलना करा." आणि मी बोटांवर मोजायला लागले. "बांध तसाच. उघाडी तशीच. भाताची जात तीच. पाऊस तोच. मग जे त्यांना चालतं, ते आपल्याला का चालू नये? दोन दिवस फळ्या काढून ठेवा, पाणी आपोआप उतरेल."

मंडपात कुजबुज झाली. "बरा बोलता हां चेडू," कोणीतरी म्हटलं. गंगारामदाजी खांबाला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले,

"पण थयचा पाणी कसा आसा? ता सांग माका."

"पाणी कसं असतं, दाजी? पाण्यासारखं!" मी म्हटलं. "खाडी एकच आहे ना? का वरती कोणी दुसरी आणून ठेवली?"

सगळे हसले. हसताना हरिश्चंद्र खोताची तर कवळी हलली. दाजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि टॉवेल खांद्यावर टाकला. हात वर झाले. फळ्या दोन दिवस काढून ठेवायच्या, असं ठरलं.

पहिल्या दिवशी खरंच पाणी उतरलं. आतलंच पाणी इतकं चढलेलं होतं की भरतीलाही खाडी आत शिरली नाही. पाऊसही थांबला. सुभद्राकाकीची रोपं पानं झटकून वर आली. माझ्या आईला ती म्हणाली, "तुज्या चेडवाच्या तोंडात साखर पडो." मी त्या रात्री मनातल्या मनात पुढच्या वर्षीचं भाषण रचलं.

पौर्णिमेला भर दुपारी उधाण आलं. गाव खाडीत नारळ टाकायला गेला होता. मी बांधावर होते. आतलं पाणी उतरलं होतं, शेतं रिकामी, आणि बाहेरून खाडी उघाडीतून आत यायला लागली. आवाज न करता. आधी सुभद्राकाकीच्या कोपऱ्यात, मग तिच्याच लगतच्या दोन कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत. दाजींनी धावत येऊन फळ्या घातल्या, पण त्या वेगात फळी खाचेत बसेना. बसली तेव्हा कोपरा गुडघाभर भरला होता. मी बोट बुडवून चाटलं. खारट. अगदी डोळ्यांतल्या पाण्याएवढं खारट.

आणि तिथे, त्याच क्षणी मला आठवलं. नागपंचमीला आजोळच्या बांधावरून मी खाडीत उडी मारली होती, पोटभर पाणी प्यायले होते. गोड होतं! वर पावसाळ्यात नदीचा लोंढा असतो. तिथे भरतीला जे पाणी मागे सरून आत शिरतं, ते नदीचंच. आमच्या तोंडाशी समुद्र. मी चार बोटं मोजली होती, आणि चारही खरी होती. पण त्यांच्या भाताला चालत होतं ते बांध तसा होता म्हणून नव्हे, पाणी गोड होतं म्हणून. ते पाचवं बोट दाजींनी माझ्या हातात धरून दिलं होतं. त्यावर मी विनोद केला.

तिसऱ्या दिवशी रोपांचे शेंडे करपले. आठव्या दिवशी सुभद्राकाकीचा कोपरा गवताच्या गंजीसारखा पिवळा. लावणीच्या रोपांचा तरवा संपलेला, पुन्हा लावायला काही नाही. मी शाळेत जायची वाट बदलली. लांबून, टेकडीवरून जायला लागले. घरी कोणी माझं नाव काढत नव्हतं, आणि बाबा आता वाटेने जाणाऱ्यांशी पावसाबद्दल बोलायचे.

पुन्हा गाव बसला. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "येवक होया," आणि मी पायरीवर सगळ्यांच्या मागे, हौसाबाईआजीच्या पाठीआड बसले.

हरिश्चंद्र उठला. "सांगूचा आसा ता सरळ सांगतंय. दोन वर्सांआधी लवू गुरांचो राखणो होतो. झोपलो, गुरां शेतात गेली. आपण तेका काढलो. कोण काय बोललो नाय. आता गंगाराम उघाडीचो राखणो. तेच्या हातसून शेत गेला. तोय राखणो, होय राखणो. लवूक एक न्याय आणि गंगारामाक दुसरो?"

माना हलल्या. बाबांचीसुद्धा. नाही, हलली नाही, पण त्यांनी खालीच पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं. हात वर करणारे सगळे तिथेच बसले होते. कोणालाच आठवत नव्हतं. दाजी खांबाजवळ. टॉवेल मांडीवर, घडी घालत होते, मोडत होते.

आणि मी काय ऐकत होते? माझंच भाषण. तोय राखणो, होय राखणो. बांध तसाच, उघाडी तशीच. हरिश्चंद्राची दोन्ही बोटं खरी होती.

मी उठले. पाय पुढे नव्हता. आवाजही नव्हता, पहिल्यांदा नुसती हवा निघाली. हौसाबाई म्हणाली, "मोठ्यान बोल गो, माका आयकूक येना नाय."

"लवूक झोपाक कोणी सांगलेला?" मी विचारलं.

"कोण कशाक सांगीत?" हरिश्चंद्र म्हणाला.

"गंगारामदाजींक फळ्ये काढून ठेवूक कोणी सांगलेला?"

बाहेर कावळे ओरडत होते.

"आपण सगळ्यांनी," मी म्हटलं. "आणि आपल्याक मी. लवून आपल्या मनान केल्यान म्हणान आपण तेका काढलो, नुसतो राखणो होतो म्हणान नाय. दाजी तर इचारीत होते पाणी कसा आसा. माका ठाऊक होता. मी ता पाणी प्यालेलंय. आणि मी..." इथे मला पुढे काय ते येईना. "मी तेंका हसवलंय. म्हणजे सगळ्यांक, तेंच्यावर."

"ता ठीक," हरिश्चंद्र म्हणाला, आणि खरं सांगते, तो काही वाईट माणूस नाही. "पण इतकी वर्सां जो उघाडीर हा, तेका कळाक नको? चेडवान सांगला म्हणान फळ्ये काढल्यान?"

मी उभीच राहिले. गंगारामदाजींनीच तोंड उघडलं.

"तेचा बरोबर आसा," ते म्हणाले. "माका ठाऊक होता. खारा पाणी येतला ता. मी बोलाक होया होतंय. पण सगळे हसले, आणि माका वाटला, आता बोललंय तर म्हाताऱ्याक राग इलो म्हणतले. म्हणान गप रवलंय. लवू झोपलेलो, मी जागो होतंय. तितको फरक धरा."

मला वाटलं होतं मी त्यांना वाचवतेय. त्यांनी स्वतःच्या वाट्याची चूक स्वतःच उचलली, आणि माझी माझ्यापुढे उघडी ठेवली.

हौसाबाई म्हणाली, "हात वर करणारे आपापले हात बघा मगे. उघाडी तेच्याकडेच रवांदे. आणि सुभद्रेच्या घरात सुगीक भात सगळ्यांनी घालूचा. जेवढे हात, तेवढी घरां." वादच झाला नाही. हरिश्चंद्रच पहिला "बरा" म्हणाला.

घरी जाताना बाबा माझ्यापुढे चालत होते. मधेच थांबून म्हणाले, "मीय विचारूक नाय पाणी कसा आसा ता." आणि पुन्हा चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून उघाडीवर गेले. दाजी फळ्यांच्या खाचेतला चिखल काढत होते. मी माफी मागायला सुरुवात केली, चांगली लांबलचक, तयार करून आणलेली. त्यांनी मधेच म्हटलं,

"माका नको सांगू. माजा भात नाय गेला."

सुभद्राकाकी खालच्या कोपऱ्यात वाकून करपलेली रोपं उपटत होती. मेलेली मुळं मातीत कुजायला नकोत म्हणून. मी बांधावर उभी राहिले. तिने मान वर करून पाहिलं, माझ्या शाळेच्या परकराकडे, माझ्या हातांकडे.

"हात रिकामे आसत?"

"होय."

"मगे उतर."

मी परकर खोचला आणि उतरले. ती एका ओळीत, मी दुसऱ्या. रोपं ओढली की सहज हातात येत होती, धरून ठेवायला त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. भरती चढायला लागली तेव्हा आमचा अर्धा कोपरा उपटून झाला होता.