सात नंबरचा कागद

वऱ्हाडी माणसाची आठवण म्हणजे काळ्या जमिनीतली ओल. वरून ऊन कितीही तापो, आत ती टिकून असते. हा सिद्धांत वलगावच्या भगवंतराव मेहऱ्यांनी जावयाला जेवणाच्या ताटावर ऐकवला. वरण वाढेपर्यंत दुसऱ्यांदा ऐकवला आणि ताक येईपर्यंत तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी शेवटी विचारलं, "कसं म्हणता, मनोहरराव?"

जावयाचं नाव ओमप्रकाश. मनोहरराव हे मुलीला, पौर्णिमाला, अठरा वर्षांपूर्वी पाहून गेलेलं आणि पत्रिकेवरून फिसकटलेलं स्थळ होतं. जावई भला माणूस. "बरोबर आहे," म्हणाला आणि ताकाच्या वाटीत पाहत राहिला.

त्या दिवशी अकोल्याला परतताना बसने मूर्तिजापूर मागे टाकल्यावर ओमप्रकाश पौर्णिमाला म्हणाला, "डॉक्टरला दाखवायला पाहिजे त्यांना."

"दाखवतो गोपाल दर महिन्याला. बीपीसाठी."

तिचा धाकटा भाऊ दाखवत होता, हे खरं. पण भगवंतराव डॉक्टर गावंडेंपुढे बसले की वेगळेच होत. अमरावतीच्या त्या दवाखान्यात ते चाळीस वर्षं जात होते. झेंडूचा भाव, पाण्याची पातळी, डॉक्टरच्या मुलाची परीक्षा, सगळ्याची चौकशी करून ते हसत बाहेर पडत. डॉक्टरांचा समज असा की म्हातारा ठणठणीत आहे. गोपालला बापासमोर बोलता येत नसे, आणि बापामागे तो म्हणे, "वय झालं की होतेच व ताई. तू कायले जीव खाऊन राहिली?"

तेव्हा पौर्णिमाने पत्र लिहायचं ठरवलं.

ती अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवते, हे इथे सांगणं भाग आहे, कारण पुढचा घोटाळा काही अंशी त्यातूनच झाला. दुसरी कुणी असती तर चार ओळी खरडून मोकळी झाली असती. हिने कच्चा खर्डा केला, मग पक्का केला. कधीपासून, काय, किती वेळा, सगळं तारीखवार लिहिलं. दीड वर्षापासून आहे आणि वाढत चाललं आहे. फुलांचं ओझं घेऊन बाजारात गेले, गाडी तिथेच ठेवून ऑटोने घरी आले, आणि गाडी शेजारच्या वच्छलाबाईच्या पोराने चोरली म्हणून तिच्या दारात उभं राहून ओरडले. मी येणार म्हणून बडनेरा स्टेशनवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले, मी येणार होते पुढच्या रविवारी. आईला जाऊन चार वर्षं झाली, पण कधी कधी विचारतात, मोझरीहून परत आली का. झोपेसाठी औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणून घेतात. शेगडी सुरू ठेवून शेतात जातात.

आणि सहावा मुद्दा. भाचीच्या लग्नात, मंडपात, त्यांची पँट ओली झाली. त्यांना कळलं नाही. मला कळलं आणि मी तोंड फिरवलं.

हे शेवटचं वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. डॉक्टरला खरं कळायला हवं, असं तिचं म्हणणं. मग तिने एक उपमाही घातली: "बाबांची आठवण बुडाशी गळणाऱ्या बादलीसारखी झाली आहे, ते भरत राहतात." वाचून तिला स्वतःलाच ती आवडली. बापाच्या दुखण्यावरची उपमा आवडली म्हणून पुढे ती किती दिवस तोंड लपवत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी विनंती होती: कृपया त्यांच्या स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करावी, आणि हे पत्र माझ्याकडून आलं असं त्यांना कळू देऊ नये.

पाकीट बंद करून तिने अमरावतीला नेऊन दवाखान्यातल्या देवरावांच्या हातात दिलं. देवराव कंपाउंडर. तीस वर्षं त्या टेबलावर.

डॉक्टर गावंडेंनी पत्र वाचलं आणि बीपीच्या निमित्ताने भगवंतरावांना लवकर बोलावलं. नेहमीच्या गप्पा सुरू झाल्या, तसं डॉक्टरांनी त्या मध्येच थांबवल्या.

"भगवंतराव, आज तारीख काय?"

"तारीख शहरातल्या लोकायले लागते साहेब. आमाले वार पुरते."

"वार कोणता मग?"

भगवंतराव हसले. गोपालकडे पाहिलं. "सांग रे साहेबाले."

"त्याने नाही, तुम्ही सांगा."

त्यांनी बुधवार सांगितला. शुक्रवार होता. मग डॉक्टरांनी तीन शब्द दिले, संत्रा, खाट, विहीर, आणि लक्षात ठेवायला सांगितले. मधे आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेतले. कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. भगवंतरावांनी गोल सुरेख काढला, पण बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. तीन शब्दांपैकी विहीर आठवली. "पाणी कमी आहे तिला," असं वर सांगितलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा पौर्णिमाला फोन आला. "पत्र नसतं तर या माणसानं मला गप्पांतच गुंडाळलं असतं. हे नेमकं काय आहे ते मी आज सांगणार नाही. बी-बारा कमी असलं, थायरॉईड बिघडलं, झोपेच्या गोळ्या भलत्या असल्या, मन खचलेलं असलं, तरी असं होतं. गोळ्या बंद केल्या आहेत. रक्त तपासू. पण या एका चाचणीवर भागत नाही. मेंदूचा स्कॅन करून नागपूरच्या तज्ज्ञाला दाखवायचं. तोवर गाडीची किल्ली गोपालकडे."

बी-बारा कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. नागपूरची तारीख मिळाली, सोमवारची. पौर्णिमाला वाटलं, पत्राने काम केलं.

आता देवराव. देवराव नेमस्त माणूस. त्या दवाखान्याची रीत अशी की पेशंटचा कागद पेशंटच्याच फायलीत, आणि फाईल पेशंटच्याच घरी. दवाखान्यात कपाटाला जागा नाही. डॉक्टरांच्या टेबलावर जो कागद सापडेल तो देवराव भोकं पाडून फायलीत ओवत आणि वर नंबर टाकत, म्हणजे हरवला तर कळावं. भगवंतरावांच्या निळ्या फायलीत पाच नंबरला बीपीची नोंद होती, सहा नंबरला रक्ताचा जुना रिपोर्ट, आठ नंबरला ते घड्याळ. आणि सात नंबरला पौर्णिमाचं पत्र.

शनिवारी गोपालचा फोन आला. "ताई, हे काय लिहून ठेवलं तू?"

पौर्णिमा स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केला.

"बाबा रोज वाचून राहिले. डॉक्टरनं सांगतलं ना, सकाळी फाईल पाहून गोळी घ्यायची. ते पयल्या पानापासून वाचतात. सातवर आले की तोंड उतरते. मंग मले विचारतात, हे खरं हाय काय. दुपारपर्यंत मागच्या वट्यावर बसतात, जेवत नाईत. चार वाजता विसरतात, चहा पितात, चांगले हासतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात नंबर."

"काढून टाकायचा ना कागद!"

"काढला होता. देवरावच्या नंबरानं घात केला. सहानंतर आठ दिसला तं अख्खं घर उलथंपालथं केलं. कोनं चोरला म्हणून वच्छलाबाईकडे निघाले होते. ठेवला परत."

"आणि तू काय सांगतो त्यांना? खरं का विचारतात तेव्हा?"

"खोटं हाय म्हणतो. ताईले लिहायची सवय हाय, म्हणतो. म्हणून तं फोन केला. आता म्हणून राहिले, खोटं हाय तं नागपूरले कायले जायचं? येत नाईत ते सोमवारी."

रविवारी सकाळी अकोला ते बडनेरा गाडीत पौर्णिमाला बसायला जागा मिळाली, तरी ती दारापाशी उभी राहिली. पत्रातलं एकेक वाक्य तिला पाठ होतं. शाळेत ती पोरांना सांगत असे, लिहिताना वाचणारा डोळ्यांपुढे आणा. तिने डॉक्टर आणला होता. आता प्रत्येक वाक्य बापाच्या चष्म्यातून वाचून पाहत होती, आणि सहाव्या मुद्द्यापुढे तिला जाताच येईना.

ती पोचली तेव्हा दहा वाजत होते. भगवंतराव मागच्या ओट्यावर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. शर्ट इस्त्रीचा, दाढी केलेली. तिला पाहून उठले नाहीत.

"ये," म्हणाले. "हे तू लिहिलं?"

"हो बाबा."

"सही आहे तुही. म्हणून विचारलं." त्यांनी पान जवळ धरलं. "हे बादलीचं मस्त लिहिलं. मास्तरीण शोभतेस."

पौर्णिमाला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं.

"बाबा, मी हे डॉक्टरांसाठी लिहिलं होतं. तुमच्यासाठी नाही."

"माह्यावर लिहिलं अन् माह्यासाठी नाई. बरं." बोट खाली सरकलं आणि सहाव्या मुद्द्यावर थांबलं. ते मोठ्याने वाचत नव्हते, ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटलं नाही. आपल्या पँटवर हात ठेवून बसले, झाकल्यासारखे.

"लग्नात," ते म्हणाले. "सगळ्यायच्या समोर?"

"सगळ्यांनी नाही पाहिलं."

"तू पाहिलं. अन् तोंड फिरवलं."

"हो."

दारात गोपाल उभा होता. मान हलवून खुणावत होता, नाही म्हण, नाही म्हण. भगवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"गोपाल म्हणते हे खोटं हाय. खरं काय ते तू सांग. म्या केलं हे समदं?"

पौर्णिमाने अकोल्यापासून एक लांबलचक उत्तर जुळवत आणलं होतं. त्यात बी-बारा होतं, वय होतं, "कुणालाही होऊ शकतं" होतं. त्यातलं काही बाहेर पडलं नाही.

"केलं बाबा. सगळं खरं आहे. आणि मी तोंड फिरवलं तेही खरं. मी यायला पाहिजे होतं तुमच्याजवळ. टॉवेल घेऊन. लाज वाटली मला. लोकांची."

गोपाल पाय वाजवत आत निघून गेला. शेजारी वच्छलाबाईच्या अंगणात कुणीतरी धुणं आपटत होतं.

"मले बी वाटून राहिली," भगवंतराव म्हणाले. "रोज वाटते का?"

"रोज वाटते, गोपाल म्हणतो."

"बरं हाय, विसरतो तं." त्यांना आपल्याच बोलण्याचं हसू आलं. मग ते गेलं. "नागपूरचा डॉक्टर हेच विचारीन काय?"

"हेच. तारीख, वार. घड्याळ काढायला लावतील. मी सोबत असेन."

"तू सांगशीन त्याले? लग्नातलं बी?"

"तुम्ही म्हणाल तर सांगेन. नाहीतर नाही."

त्यांनी पत्राची घडी सरळ केली, हाताने दाबली.

"सांग," म्हणाले. "सोमवारी जाऊ. अर्धं सांगून अर्ध्या रोगाचीच दवा भेटीन." आणि तिच्या खांद्याला धरून उठले. वजन तिच्यावर टाकलं, पूर्ण. पौर्णिमा रडायच्या बेतात आली होती. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि फाईल तिच्या हातात दिली.

"फक्त पुढच्या खेपेले अक्षर जरा मोठं काढ बाप्पा. रोज वाचा लागते मले."