आजोबांची साक्ष

गिरणीच्या आगीवरचा इतिहासाचा निबंध सरांनी तिच्यापुढे टाकला. साधनांच्या पारखीला दहापैकी तीन गुण होते.

“‘माझे आजोबा कधी खोटं बोलत नाहीत,’ ही काय पारख झाली? ते तेव्हा कुठे होते, फाटक उघडं होतं असं सांगण्यात त्यांचा फायदा काय, दुसऱ्या कुणाचं सांगणं जुळतं का? मालकाच्या अहवालालाही हेच विचार. लिही पुन्हा.”

तिने लिहिलं: मालकाला भरपाई टाळायची होती, म्हणून त्याचा अहवाल एकतर्फी आहे. आजोबा फाटकावर पहारेकरी होते. फाटक उघडं होतं असं म्हणण्यात त्यांचाही बचाव आहे. आगीतून वाचलेल्या दोघी बायका, एकमेकींना न भेटता, फाटकाला कुलूप होतं असं सांगतात. माझी आजी आतच जळाली.

नऊ गुण मिळाले.

आजोबा म्हातारपणी वाचायला शिकले होते. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवत सगळा निबंध वाचला.

“एक गुण का कापला गं, बाळा?”

“तुम्हाला पुन्हा विचारलं नाही म्हणून.”

“मग विचार की.”

तिने पेन उघडलं. “कुलूप कुणी लावलं, आजोबा?”

त्यांचं बोट आजीच्या ओळीवरच थांबलं होतं. तिने लिहिलं: साक्षीदाराने उत्तर दिलं नाही.