भुरीचं फॅट

थोरलीला जगात दोन गोष्टी सहन होत नसत. एक उतू गेलेलं दूध आणि दुसरी धाकट्या जावेची डेअरीतली पावती.

दोन्ही घरं वेगळी झाली, मधे कमरेएवढी भिंत आली आणि गोठ्यातल्या दोन म्हशी वाटल्या गेल्या. म्हशी सख्ख्या बहिणी. मोठेपणाच्या मानाने थोरलीने आधी निवडलं. तिने वाकड्या शिंगाची वाकडी घेतली, कारण वाकडीची आई व्यायल्यावर महिन्याभरातच गेली होती आणि त्या एवढ्याशा वाकडीला बाटलीने दूध पाजून थोरलीनेच जगवलं होतं. उरलेली भुरी धाकटीकडे गेली. तेव्हा धाकटी काही बोलली नाही. ती बोलतच नसे, आणि थोरलीच्या मते तिचा हाच सगळ्यात मोठा दोष होता.

डेअरीत प्रत्येकाचं दूध मापलं जाई, नमुना यंत्रात जाई आणि पाटीवर लाल आकडे उमटत: लिटर, फॅट, भाव, रक्कम. भाव ठरे फॅटवर, म्हणजे दुधात साय किती यावर. थोरलीचं सहा पॉइंट दोन, भाव एक्कावन्न रुपये साठ पैसे. पाठोपाठ धाकटी किटली ठेवी आणि पाटीवर सात पॉइंट चार उमटे, भाव एकसष्ट रुपये वीस पैसे. चारा एकाच बांधावरचा, सरकी एकाच दुकानातली, दूधही जवळजवळ तेवढंच, आणि लिटरमागे दहाएक रुपयांचा फरक! घरी येईपर्यंत थोरली तो फरक बोटांवर मोजत राही.

धाकटीचा आकडा बघायचा चुकू नये म्हणून थोरली रोज धार घाईघाईने उरकी. रांगेत तिला आधी पोहोचायचं असे, म्हणजे आपलं माप झालं की बाजूला उभं राहून तिचं बघता येतं. बादली तीन हिस्से भरली की ती रेडकाला सोडून द्यायची. ‘पिऊ दे बिचारं,’ म्हणायची आणि पदर खोचून निघायची. आपल्याला रेडकाची किती दया येते, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटे.

पंधरवडा संपला की डेअरीवाला प्रत्येकाचा तक्ता छापून देई. तारखा, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, भाव आणि तळाशी ठळक बेरीज. थोरलीच्या तळाशी सहा हजार एकशे ब्याण्णव. धाकटीचा कागद तिने मान वाकडी करून वाचला. सात हजार तीनशे चव्वेचाळीस.

“यंत्र बिघडलंय का हो तुमचं?” तिने डेअरीवाल्याला विचारलं.

“बिघडलं असतं तर दोघींचं बिघडलं असतं की,” तो म्हणाला आणि पुढच्याची किटली ओढून घेतली.

घरी तिने नवऱ्यापुढे कागद आपटला. “वाटणीत आपली फसवणूक झाली.”

“अगं, तूच निवडलीस ना?”

“मग माझी मीच फसवणूक केली! मला भुरी पाहिजे.”

नवऱ्याने टोपी डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवली. वाद वाढणार असला की तो असं करायचा. “वाकडीला देशील? तुझ्या हातची ती. करमेल तुला?”

“फॅट लागलं की करमेल,” थोरली म्हणाली.

भिंतीपाशी जाऊन तिने धाकटीपुढे सरळ विषय काढला. मोठी म्हणून आपला शब्द धाकटीला मोडवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. धाकटीने हातातली चाऱ्याची पेंढी दोनदा सोडली, दोनदा बांधली.

“चालेल, ताई. पण एकदा बदलल्या की बदलल्या. परत मागायचं नाही.”

“मी कशाला मागेन?”

त्याच संध्याकाळी दोन्ही म्हशी रेडकांसकट भिंतीच्या अलीकडे-पलीकडे झाल्या. थोरलीला वाटलं, जग जिंकलं.

भुरीला मात्र तसं काही वाटलं नाही. तिने पहिल्या दिवसापासून पान्हा चोरला. थोरलीने कास धुतली, रेडकू लावलं, पाठ थोपटली, शेवटी शिव्या दिल्या. भुरी शेपटी मारत उभी राही आणि अर्धं दूध आतच ठेवी. त्यात थोरलीला रांग गाठायची घाई. पाटीवर सहा पॉइंट एक उमटलं तेव्हा तिला वाटलं, म्हैस अजून बावरलेली आहे. धाकटीचंही सुरुवातीला घसरलं, त्याने तिचा जीव जरा थंड झाला.

पण ते वर चढलं. सहा-चार, सहा-नऊ, सात-एक. पुढचा तक्ता हातात आला तेव्हा भुरी थोरलीच्या कागदावर सहा-दोनच्या पुढे सरकली नव्हती, लिटरही कमी झाले होते, आणि बेरीज पाच हजारांच्या घरात आली होती. धाकटीच्या कागदाच्या शेवटच्या ओळींत वाकडी सात पॉइंट तीनवर होती. तीच वाकडी!

डेअरीवाल्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढच्याची किटली ओढली. त्याचाही तिला राग आला.

संध्याकाळी ती रांगेत गेलीच नाही. भिंतीआड ओणवी होऊन बघत राहिली. धाकटीने आधी रेडकाला लावलं. पहिली पातळ धार पिऊन त्याचं पोट तुडुंब झालं, तेव्हा त्याला बांधलं. मग ती बसली. बादली भरली तरी उठली नाही. एकेक सड हलक्या हाताने निपटत राहिली, शेवटची दाट धार थेंबाथेंबाने येईपर्यंत.

थोरलीने कपाळावर हात मारला. शेवटच्या धारेत साय असते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आईने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि ती रोज तेच दूध रेडकाला पाजून पातळ तेवढं घेऊन पळत होती. कशासाठी, तर दुसरीचा आकडा बघण्यासाठी.

ती भिंतीला वळसा घालून गेली. मान खाली घालणं तिला जमत नसे, म्हणून वाकडीच्या पाठीकडे बघत म्हणाली, “अगं, मला माझी वाकडी दे.”

धाकटी उठली. बादलीवर फडकं टाकलं.

“नाही, ताई.”

“तुला काय फरक पडतो? तुझ्या हाताला कुठलीही म्हैस फॅट देते.”

“म्हणूनच. फॅट तुम्हाला भुरीही देईल. जरा बसा तिच्यापाशी, शेवटपर्यंत काढा. फॅटचं मला काही नव्हतंच.” धाकटी कधी नव्हे ती बोलत सुटली. “तुम्ही अंगणात आलात की ही वाकडी दावं ताणायची. तुमच्या पदराला नाक घासायची. भुरीने मला दूध दिलं, पण माझ्याकडे कधी मान वळवून बघितलं नाही. मी रोज या भिंतीवरून तुमच्या दोघींकडे बघायची. जीव जळायचा माझा. तुम्ही होऊन मागितलंत, तेव्हा मला वाटलं, देवच पावला.”

वाकडीने मान लांब केली आणि धाकटीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. थोरलीने सवयीने हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला.

ती आपल्या बाजूला आली, भुरीपाशी खाली बसली आणि तिला रडू कोसळलं. म्हैस गेली याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे, की इतके दिवस कुणीतरी तिचा हेवा करत होतं, आणि तिला ते कळलंसुद्धा नव्हतं.