पाच टक्क्यांचं कारण

सुनीती टिल्लूंनी अहवालात सलिल चौबळचं नाव कुठेच घेतलं नव्हतं. तशी गरजही नव्हती. तिसऱ्या पानावर ग्रॉस मार्जिनचा तक्ता होता, म्हणजे विक्रीतून माल बनवायचा खर्च वजा जाता काय उरलं त्याचा. त्या तक्त्याखाली त्यांनी लिहिलं होतं: ‘मार्जिन चौतीस टक्क्यांवरून एकोणतीसवर आलं. सप्टेंबरमध्ये वितरकांना दहा खोक्यांवर एक खोकं फुकट देण्याची योजना राबवली गेली, हे त्याचं मुख्य कारण.’ योजना कोणाची, हे गुलटेकडीच्या त्या ऑफिसात चहा आणणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मोघ्यांची मसाल्यांची कंपनी तशी जुनी. लोणी काळभोरला कारखाना, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला ऑफिस. संचालकांची बैठक म्हणजे इतकी वर्षं श्यामसुंदर मोघे, त्यांचे मेहुणे, निवृत्त बँक मॅनेजर महिपतराव भोईटे आणि मधोमध बटाटेवड्यांची ताटली. मग दोन हजार सहामध्ये मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीनं पैसे घातले आणि त्यांची प्रतिनिधी म्हणून अवनी नावाची तिशीतली मुलगी संचालक मंडळात आली. पहिल्याच बैठकीत तिनं अहवाल मिटून ठेवला.

“आकडे मला वाचता येतात,” ती म्हणाली. “आकडा का हलला, ते प्रत्येक तक्त्याखाली चार ओळींत लिहून द्या. आणि पुढे काय दिसतंय तेही.”

त्या चार ओळी लिहायचं काम सुनीतीताईंकडे आलं. त्या कॉस्ट अकाउंटंट होत्या, कंपनीत एकोणीस वर्षं. इतकी वर्षं त्यांना ‘किती’ विचारलं गेलं होतं, ‘का’ कोणीच विचारलं नव्हतं. त्यामुळे त्या ओळी त्या फार मनापासून लिहीत. आणि त्या तिमाहीत, खरं सांगायचं तर, जरा जास्तच मनापासून लिहिल्या.

सलिल विक्रीचा प्रमुख. शीतपेयांच्या मोठ्या कंपनीतून दोन वर्षांपूर्वी आलेला. आल्या आल्या त्यानं अकाउंट्स विभागाला सगळ्यांदेखत ‘पोस्टमॉर्टेम डिपार्टमेंट’ म्हटलं होतं. ते सुनीतीताई विसरल्या नव्हत्या.

मसुदा त्याच्याकडे गेला आणि तासाभरात तो कागद हातात घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला.

“टिल्लू मॅडम, हे काय आहे?”

“साध्या भाषेत लिहिलंय. तुम्हाला कळायला हरकत नाही.”

“मिरची महागली ती कुठे गेली? गुंटूरचा भाव बघा.”

“बघितला. मिरचीनं एक टक्का खाल्लाय. पुढच्या वाक्यात लिहिलंय. पाच खाल्लेले नाहीत.”

“आणि विक्री वीस कोटींची तेवीस झाली, ते?”

“तेही लिहिलंय. तेवीसमधले साडेदहा कोटी एकट्या सप्टेंबरचे, हेसुद्धा.”

“दिवाळी आहे मॅडम! दिवाळीच्या आधी माल भरतात लोक. चकलीची भाजणी, चिवड्याचा मसाला. तुमच्या घरी करत नसतील.”

सुनीतीताईंनी चष्मा काढला. “गेल्या वर्षी दिवाळी एकवीस ऑक्टोबरला होती. यंदा नऊ नोव्हेंबरला. म्हणजे गेल्या सप्टेंबरमध्ये जास्त माल भरायला हवा होता ना? तेव्हा वितरकांकडून पैसे यायला त्रेचाळीस दिवस लागत होते. मागच्या तिमाहीत एक्केचाळीस. आता अठ्ठावन्न. माल दुकानात खपलेला नाही, चौबळ. वितरकाच्या गोदामात पडलाय. तो तुम्ही विकला नाहीत, तिथे नेऊन ठेवलात.”

सलिलचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला विक्रीतलं काय कळतं? एसीत बसून मेलेल्या आकड्यांचे पंचनामे करायचे!”

“इथे एसी नाहीये,” सुनीतीताई म्हणाल्या. “तुमच्या केबिनमध्ये आहे.”

तो तडक मोघ्यांकडे गेला. मोघ्यांनी संध्याकाळी सुनीतीताईंना बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, आवाज कधी चढवत नसत. ‘मुख्य कारण’ऐवजी ‘इतर कारणांबरोबर’ असं लिहिता येईल का, असं त्यांनी विचारलं.

“तसं लिहिलं तर कुठलं किती, हे अवनी मॅडम विचारणारच. मग मला तेच सांगावं लागेल.”

मोघ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कांद्याचे दोन टेम्पो एकमेकांत अडकले होते आणि ड्रायव्हर एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. “तुमची खात्री आहे ना? मग जाऊ द्या तसंच,” ते म्हणाले.

अहवाल गेला. बैठकीच्या आधी आठवडाभर तो संचालकांच्या हातात असे.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी सुनीतीताई प्रश्नोत्तरांची तयारी करत होत्या. तयारी कसली, शस्त्रं परजणंच. अवनी काय विचारेल आणि त्यावर सलिल काय बोलला की त्याला कुठे गाठायचा, हे त्या मनाशी घोळवत होत्या. तिसऱ्या पानावरून त्या सहाव्यावर आल्या. तिथे शेवटच्या नफ्याचा तक्ता होता. तो घसरला होता तीन टक्क्यांनी.

वर पाच, खाली तीन. मधले दोन?

मधे होतं पाचवं पान, इतर खर्चांचं. तिथे वाहतूक शेहेचाळीस लाखांनी कमी झाली होती. तेवीस कोटींवर बरोबर दोन टक्के. आणि त्याखाली त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं: ‘वाहतूक खर्चावर वित्त विभागाने ठेवलेल्या काटेकोर नियंत्रणामुळे लक्षणीय बचत.’

त्या एकदम ताठ बसल्या. मग त्यांना जुलैतलं आठवलं. ऑडिटर म्हणाले होते की मिरची, धणे कारखान्यात आणायचं भाडं हे मालाच्या किमतीतच धरायला हवं, इतर खर्चांत नको. त्यांनी होकार दिला होता, जुलैपासून बदल झाला होता. पण मागच्या तिमाहीचे आकडे कोणी त्या पद्धतीनं फिरवून मांडले नव्हते. भाडं कमी झालंच नव्हतं. ते फक्त खालच्या तक्त्यातून वरच्या तक्त्यात गेलं होतं. वर त्यामुळे मार्जिन पडल्यासारखं दिसत होतं, आणि ते त्यांनी सलिलच्या माथी मारलं होतं. खाली खर्च वाचल्यासारखा दिसत होता, आणि ते श्रेय त्यांनी स्वतःच्या विभागाला घेतलं होतं.

मागची तिमाही नव्या पद्धतीनं मांडली की मार्जिन चौतीस नव्हे, बत्तीसच होतं. घसरण तीनची. मिरचीचा एक, योजनेचे दोन.

सुनीतीताईंना आधी राग आला तो सलिलचाच. हे त्यानं शोधायला हवं होतं! दोन वर्षं आकडे हातात धरूनही या माणसाला पाचवं पान उघडावंसं वाटलं नाही. मग वाटलं, कोणालाच दिसलेलं नाही तर राहू दे. योजना वाईट आहेच. तिनं दोन टक्के खाल्ले काय आणि चार खाल्ले काय, बंद तर व्हायलाच हवी. असं त्यांनी दोनतीनदा स्वतःला सांगितलं. आणि प्रत्येक वेळी तो ‘काटेकोर’ शब्द डोळ्यांपुढे आला की त्यांच्या कानांच्या पाळ्या तापत. शेवटी त्यांनी नवं पान टाइप केलं, छापलं आणि मोघ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मोघ्यांनी ते वाचलं.

“मी खात्रीबद्दल विचारलं होतं,” एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सुनीतीताईंनी दुरुस्तीचं पान सगळ्यांना वाटलं आणि उभं राहून ते वाचून दाखवलं. चूक कुठे झाली, कोणत्या विभागाची, आकडे आता काय आहेत.

वाचन संपलं तसा सलिल मागे रेलला.

“म्हणजे आठवडाभर संचालकांसमोर माझी जी काही बदनामी चालली होती, त्यातली निम्मी अकाउंट्सची चूक होती. नाही, मॅडम? आणि बाकीची निम्मी बरोबर कशावरून? ती पुढच्या महिन्यात दुरुस्त होणार का?”

मोघ्यांचे मेहुणे हसले. सुनीतीताई खाली बसल्या. उत्तर देण्याचा आपला हक्क आज गेलाय, असं त्यांना वाटलं.

अवनी हसली नव्हती. ती दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत होती. “सलिल, उरलेल्या दोन टक्क्यांकडे येऊ. ऑक्टोबर संपत आला. वितरकांनी पुन्हा किती माल मागवला?”

“दिवाळीनंतर मागणी उचल खाईल—”

“मी दिवाळीनंतरचं विचारलं नाही.”

सलिल समोरचे कागद चाळू लागला. महिपतराव भोईट्यांनी घसा खाकरला. “अहो, सांगून टाका. आम्ही काय तुम्हाला खात नाही.”

“चार कोटी,” सलिल म्हणाला. मग पेनाशी चाळा करत, “आणि काही माल परत घ्या म्हणतायत.”

“किती, हे नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या आत लेखी द्या. योजना आजपासून बंद,” अवनी म्हणाली. सलिलनं पेन टेबलावर टाकलं. मग तिनं मान वळवली. सुनीतीताईंना क्षणभर वाटलं, आता दोन बरे शब्द येतील.

“आणि टिल्लू मॅडम, तुमची भाषा. ‘राबवली गेली’, ‘काटेकोर नियंत्रण’. हे कारण सांगणं नाही, हिशेब चुकते करणं आहे. आकडा तपासायच्या आधी तुम्ही आरोपी ठरवला होतात. पुढच्या तिमाहीपासून विक्रीच्या तक्त्यांखालची टिप्पणी तुम्ही दोघं मिळून लिहाल. दोघांच्या सह्या. मतभेद असेल तर तोही लिहा, पण आकड्यासकट.”

“आम्ही दोघं?” दोघं एकदमच म्हणाले.

“शब्द सौम्य ठेवा म्हटलं होतं, पण माझं ऐकतं कोण,” मोघे पुटपुटले आणि त्यांनी वड्यांची ताटली पुढे सरकवली. कोणी हात लावला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसले. मधे विक्रीचा तक्ता होता: परत आलेला माल एक कोटी दहा लाखांचा, विक्री अठरा कोटी. सलिल येताना दार आपटून आला होता. सुनीतीताईंनी खिडकी उघडली, कारण त्यानं मारलेल्या सेंटनं त्यांचं डोकं दुखत होतं, आणि तसं त्या त्याला म्हणाल्याही.

“लिहा,” सलिल म्हणाला. “‘बाजारातील मंद मागणीमुळे विक्री घटली.’”

“मागणी मंद असल्याचा आकडा?”

“सगळा बाजार सांगतोय.”

“बाजाराची सही चालत नाही. सप्टेंबरमध्ये जादा भरलेला माल आधी खपला, म्हणून नवी मागणी आली नाही. असं लिहा.”

“‘जादा’ मी लिहिणार नाही.”

“मग काय लिहिणार?”

“‘आधीच्या तिमाहीत पाठवलेला’.”

सुनीतीताईंनी ते वाक्य मनात फिरवून पाहिलं. खोटं नव्हतं. किती पाठवलेला, हे पुढे आकड्यात आलंच असतं. “चालेल. पण परत आलेल्या मालाची रक्कम त्याच ओळीत. पुढच्या पानावर नाही.”

“तुम्ही फार खुनशी आहात, माहितीये?”

“माहितीये. परत आलेल्या मालाचा आकडा वितरकागणिक सांगा.”

त्यानं आकडा सांगितला. सुनीतीताईंनी तो त्याच्यासमोरच मूळ कागदांशी ताडून पाहिला, मुद्दाम सावकाश, एकेक वितरक करत. तो घड्याळाकडे बघत चरफडत राहिला. मग त्यानं पाचवं पान स्वतःकडे ओढलं आणि वाहतुकीच्या रकमेवर बोट ठेवलं.

“आता हे दाखवा,” तो म्हणाला. “मागच्या तिमाहीशी जुळतं का ते. मीही एकेक बिल बघणार आहे.”