दोघांसाठी एकच अठरा

मला लोक तापट म्हणतात. खोटं नाही. सव्वीस वर्षं इमर्जन्सीत काढल्यावर जीभ गोड राहात नाही. नातेवाईक दारात घुटमळले की मी एकच वाक्य म्हणते, "बाहेर व्हा, आम्हाला काम करू द्या." ते ऐकून भलेभले सुतासारखे सरळ होतात. त्या दिवशीही मी तेच म्हटलं आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुपारचे साडेबारा. आमच्या डॉक्टरीणबाई चहाचा कप नुसता हातात धरून बसल्या होत्या, कारण प्यायला घेतला की पेशंट येतो हा आमचा अनुभव. दार धाडकन उघडलं. एका माणसाच्या हातात एक मुलगा आणि त्याच्यामागे धावत एक म्हातारी, तिच्या कडेवर एक मुलगी. दोन्ही पोरं चादरीत गुंडाळलेली आणि दोघांनाही झटके चालू. हात-पाय ताडताड उडत होते, तोंडाला फेस आला होता.

"कापूर खाल्लाय हो," बाप म्हणाला. त्याला धड उभं राहवत नव्हतं. "कपड्यांच्या कपाटातल्या वड्या. गोळ्या समजून खाल्ल्या. अर्धा तास झाला असेल."

"वय?" मी विचारलं.

"जुळी आहेत. पाच वर्षांची."

पाच. इथे मला माझा भारी अभिमान. भिंतीवर मी स्वतः लिहून चिकटवलेला तक्ता आहे, पण मला त्याची गरज पडत नाही. मुलाला औषध किलोवर द्यायचं असतं आणि धडपडणाऱ्या पोराला काट्यावर कोण ठेवत बसणार? म्हणून वयावरून वजन धरायचं. वय अधिक चार, गुणिले दोन. पाच आणि चार नऊ, नऊ दुणे अठरा. पोरं पलंगावर टेकायच्या आत दोन्ही पलंगांवरच्या फळ्यांवर मी मोठ्या आकड्यात लिहिलं, १८ किलो. मधे पडदा ओढला. डॉक्टरीणबाई मुलीकडे, आमचा शिकाऊ डॉक्टर मुलाकडे.

तो पोरगा हुशार, पण सगळं दोनदा तपासणारा. "सिस्टर, नवीन सूत्रानेही बघतो," म्हणाला. "वयाची दुप्पट अधिक आठ. दहा आणि आठ... अठराच!" आणि त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मीही खुश. दोन सूत्रं एकच उत्तर देतात म्हटल्यावर कोण शंका घेणार? आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. अहो, ती दोन सूत्रं नव्हतीच! वय अधिक चारची दुप्पट केली की वयाची दुप्पट अधिक आठच होतं. एकाच बाईने साडी बदलली आणि आम्ही तिलाच दुसरा साक्षीदार म्हणून बोलावलं.

म्हातारी अजून दारातच. "सिस्टर, ही ना जरा..."

"आजी, बाहेर व्हा. आम्हाला काम करू द्या."

ती गेली. मी दार लावून घेतलं.

झटके थांबवायचं औषध किलोला मिलिग्रॅमचा दहावा भाग. अठराला एक पूर्णांक आठ. मी दोन सिरिंजा भरल्या, दोन्ही अगदी सारख्या. दोघांच्या शिरेतून औषध गेलं. पाच मिनिटं झाली तरी झटके थांबेनात. नियमाप्रमाणे तोच डोस पुन्हा दिला.

मग गंमत बघा. गंमत कसली! पडद्याच्या अलीकडे मुलगा तसाच ताडताड उडत होता, जसं काही त्याला पाणीच टोचलं होतं. आणि पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "सिस्टर, हिचा श्वास थांबला!"

मुलीचे झटके थांबले होते, पण छातीही थांबली होती. ओठ काळेनिळे. बाईंनी मास्क लावला आणि पिशवी दाबायला लागल्या. एक, दोन, तीन. छाती वर-खाली व्हायला लागली, पण बाईंच्या हातामुळे, तिची तिची नाही.

"एकाच वयाची, एकच डोस," शिकाऊ डॉक्टर पडद्यातून म्हणाला. "तिने कापूर जास्त खाल्ला असणार."

"असेल," बाई म्हणाल्या. "कदाचित आतल्या आत झटके चालूच असतील, अंग हलत नसेल इतकंच. पुढचं औषध दोघांनाही द्या. किलोला वीस. अठराला तीनशे साठ."

बघा, कशी असते माणसाची बुद्धी. दोन पोरं उलट्या दिशेला चालली होती आणि आम्ही तिघं शहाणे कापरावर खापर फोडत होतो. फळ्यावरच्या आकड्याकडे कुणाचं बोटही गेलं नाही, कारण तो आकडा आधी लिहिला होता आणि तो मी लिहिला होता.

मी तीनशे साठच्या दोन सिरिंजा भरल्या. मुलीची मान नीट यावी म्हणून बाई म्हणाल्या, खांद्याखाली टॉवेल घाला. मी चादर बाजूला केली, एक हात पाठीखाली घातला आणि पाच वर्षांच्या पोरीला उचलायला लागतो तेवढा जोर लावला.

ती भसकन वरच आली. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तशी.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं. हातात काही नव्हतंच हो. बरगड्या मोजता येत होत्या. दंड माझ्या अंगठ्याएवढा. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की ती साठी ओलांडलेली म्हातारी हिला कडेवर घेऊन पळत आली होती. पळत! आणि धडधाकट बापाला मुलगा पेलवत नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत दोन वजनं दारातून आत आली आणि मी फळ्यावर एकच लिहिलं.

"औषध देऊ नका," मी म्हणाले. "हिला आणि त्यालाही."

"सिस्टर, वेळ नाहीये."

"बाई, ही अठराची नाही. माझ्यावर चिडा, पण मी ही सिरिंज देणार नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पोरीच्या उघड्या छातीकडे. "काटा आणा," त्या म्हणाल्या.

काटा बाहेर, तपासणीच्या खोलीत. म्हणजे बघा, श्वास द्यायची यंत्रं दोन, आणि काटा पंधरा पावलांवर. वॉर्डबॉय पळत घेऊन आला. आधी मी एकटी चढले. एकसष्ट. मग पोरीला छातीशी धरून चढले, बाई बाजूला उभ्या राहून पिशवी दाबत होत्या. आकडा हलला, थांबला. बहात्तर.

अकरा किलो.

मग वॉर्डबॉय चढला, सत्तर. मुलाला कवटाळून पुन्हा चढला, पोरगं हातात तडफडत होतं, आकडा स्थिर व्हायलाच तयार नाही. पंचाण्णव.

पंचवीस.

शिकाऊ डॉक्टर पांढराफटक पडला. त्याने खिशातून पेन काढलं आणि हातावरच हिशोब केला. "हिला एका वेळी एक पूर्णांक एक द्यायचं होतं. आपण एक पूर्णांक आठ दिलं. दोनदा. त्याला अडीच द्यायचं होतं, त्यालाही एक पूर्णांक आठ." मग तो हळूच म्हणाला, "अकरा आणि पंचवीस छत्तीस. भागिले दोन अठरा."

सूत्र बरोबर होतं! दोघांची मिळून सरासरी अगदी चोख. फक्त त्या दोघांपैकी एकालाही ते लागू नव्हतं.

"वयावरून धरलेलं वजन निम्म्याहून जास्त मुलांत दहा टक्क्यांपलीकडे चुकतं," बाई पिशवी दाबता दाबता म्हणाल्या. "मला माहीत आहे हे. परीक्षेत लिहिलंय मी. घरच्यांना विचारा, ते सगळ्यात जवळ सांगतात, हेही लिहिलंय."

मी फळे पुसले आणि नवे आकडे लिहिले. मुलाला पुढचं औषध पंचवीसने, पाचशे, सावकाश. ते संपत आलं तसे त्याचे हात शांत झाले. मुलीला काहीच नाही. भरलेली सिरिंज मी कचऱ्यात टाकली. तिला तीनशे साठ गेले असते तर किलोला बत्तीसच्या वर पडले असते, तेही श्वास आधीच थांबलेल्या पोरीला. आधीच्या औषधाला उतारा आहे, पण विषाने झटके आलेल्या मुलाला तो दिला तर झटके पुन्हा उसळतात. म्हणून एकच उपाय होता, तिचा श्वास आपण घ्यायचा आणि वाट बघायची. आम्ही आळीपाळीने पिशवी दाबली. मधे बाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हृदयात मोठी खरखर आहे. छिद्र असावं. आधी झटक्यांत ऐकूच येत नव्हतं."

चाळीस मिनिटांनी, पिशवी माझ्या हातात असताना, माझ्या दाबण्याआधीच छाती उचलली गेली. मी थांबले. पुन्हा उचलली. मग तिने पायाचा अंगठा हलवला आणि मी, सव्वीस वर्षांत पेशंटपुढे न रडलेली बाई, ढसाढसा रडले.

बाई म्हणाल्या, "घरच्यांना काय झालं ते सगळं सांगायचं. मी येते."

"आकडा मी लिहिलाय," मी म्हणाले. "आधी मी जाते."

बाप बिलाच्या खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता, त्याला मी आधी मुलाजवळ पाठवलं. आजी दाराला लागून असलेल्या बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक वही.

"आजी, दोघंही श्वास घेताहेत," मी म्हणाले. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. मी तिच्या शेजारी बसले. "पण मला तुम्हाला एक सांगायचंय. मुलीचं वजन..."

"तेच तर सांगत होते मी मघाशी!" तिने लगबगीने वही उघडली. पानभर तारखा, पुढे आकडे. दहा आठशे. दहा नऊशे. दहा साडेआठशे, त्याच्याखाली रागाने ओढलेली रेघ. शेवटी, सोमवारी, अकरा. "हृदयात भोक आहे तिच्या. डॉक्टर म्हणाले, बारा किलो झाली की ऑपरेशन. म्हणून दर सोमवारी काट्यावर ठेवते. एकेक तोळा चढवताना जीव जातो हो. कुठेही नेलं तर मी पहिलं तेच सांगते."

"आणि मी तुम्हाला बाहेर काढलं."

"त्याचं काही नाही वाटलं मला," आजी म्हणाली. दाराच्या काचेकडे तिने बोट केलं, तिथून आतला फळा स्वच्छ दिसतो. "आधी वाटलं, पुन्हा दार वाजवावं, सांगावं की अकरा. मग इथून वाचलं, अठरा. म्हटलं, आमच्या गल्लीतल्या दुकानाचा काटाच खोटा दिसतोय. मोठ्या दवाखान्याचा काटा खरा. इतकी हरखले ना मी, इथे दाराबाहेर! म्हटलं, पोर बरी झाली की उद्याच ऑपरेशनची तारीख मागते." तिने माझा हात धरला. "आता पुसून अकरा का लिहिलंत हो? आधीच्या वेळी नीट ठेवलं नव्हतं का काट्यावर?"



"आजी," मी म्हणाले, "आधी तिला आम्ही काट्यावर ठेवलंच नव्हतं."